आगाऊ पैसे देणारं गिऱ्हाईक

आगाऊ पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला राग येतो. ऐकणाऱ्याला हे वेड्यासारखं वाटतं, कारण चाकणच्या पट्ट्यात सगळं जग उधारीवर चालतं आणि वेळेच्या आधी पैसे टाकणारा माणूस देवासारखा पुजला जातो. आम्ही तर अशा एका गिऱ्हाइकासाठी कँटीनमध्ये केक कापला होता. तो केक मीही खाल्ला, हे आधीच कबूल करून टाकते.

आमची कंपनी तीनचाकी रिक्षांचे क्लच प्लेट आणि ब्रेक शू बनवते. मी निर्यातीच्या टेबलावर बसते. परदेशातून डॉलर कधी येणार, ते कोणत्या दिवशी रुपयात बदलायचे, कोणत्या देशाला किती दिवसांची मुदत द्यायची, हे माझं काम. अठरा वर्षं तेच करतेय. पुनावळ्याहून सकाळी कंपनीच्या बसने निघते आणि चाकणला पोचेपर्यंत मोबाइलवर दहा-बारा देशांचे दर बघून होतात. बसमधल्या बायका भाज्यांचे भाव बघतात, मी हे बघते.

त्या दहा-बारा देशांपैकी एका देशाचा दर बघायची गरजच नसायची. देशाचं नाव लिहीत नाही. तिथले लोक आधीच खूप सोसून बसलेत, त्यात माझी भर नको. तिथे एका डॉलरला त्यांच्या चलनाचे पन्नास मोजावे लागत. काल पन्नास, आज पन्नास, दिवाळीला पन्नास, होळीला पन्नास. कारण त्यांच्या मध्यवर्ती बँकेने तसं ठरवलेलं होतं. ठरवणं म्हणजे नुसतं फळ्यावर लिहिणं नव्हे. 'पन्नास घेऊन या आणि डॉलर घेऊन जा, डॉलर घेऊन या आणि पन्नास घेऊन जा', असा शब्द ती बँक देते आणि तो शब्द पाळायला तिला पदरचे डॉलर लागतात. डॉलर आणणारे जास्त असले, तर तिची तिजोरी भरते. नेणारे जास्त झाले, तर तिजोरीतून काढून द्यावे लागतात. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही वेळा दर पन्नासच दिसतो. तिजोरी भरतेय की गळतेय, हे त्या दरावरून कधीच कळत नाही.

हे आमच्या विक्रीच्या साहेबांना मी चारदा सांगितलं असेल. साहेब हुशार माणूस, इंजिनिअर, भोसरीच्या एका शेडमध्ये सुरुवात करून वर चढलेला. पण त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली होती. "मॅडम, आपला रुपया रोज हलतो. त्यांचं चलन चार वर्षं हललं नाही. मग मजबूत कोण?" असं ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारायचे आणि माना डोलायच्या. रुपया रोज थोडा थोडा हलतो, म्हणून त्याला एका दिवसात मोठी उडी मारावी लागत नाही. जो हलतच नाही, त्याच्या आत काय साठलंय ते बघावं लागतं. पण माना डोलत असताना कोण ऐकतं? पालथ्या घड्यावर पाणी.

तर त्या देशातला आमचा डीलर. साठीचा गृहस्थ, फोनवर नेहमी आधी माझ्या तब्येतीची चौकशी करणारा. वर्षानुवर्षं त्याची मुदत नव्वद दिवसांची, आणि तो पैसे टाकायचा पंच्याण्णवाव्या दिवशी. माणूस चोख, पण पाच दिवस ओढायची सवय. एका महिन्यात त्याने सत्तराव्या दिवशी पैसे टाकले. पुढच्या महिन्यात चाळिसाव्या. त्यानंतर त्याने मुदतच सोडली आणि शंभर टक्के ॲडव्हान्स पाठवून दुप्पट माल मागवला. दुसऱ्या वेळी तिप्पट.

केक त्याचाच. वर क्रीमने त्या देशाचा झेंडा काढला होता, तोही उलटा.

मी मात्र त्याची ऑर्डर ओळीओळीने वाचली. ते माझं कामही नव्हतं, पण जुनी खोड. तो नेहमी आठ प्रकारच्या प्लेट मागवायचा, ज्या हातोहात खपतात. या वेळी एकोणतीस प्रकार होते. त्यात एका अशा मॉडेलची प्लेट होती की त्या रिक्षा तिथे रस्त्यावर शोधाव्या लागतील. विकण्यासाठी कोणी असा माल मागवत नाही. मी त्याला फोन लावला आणि सरळ विचारलं, "हे तुम्ही विकणार कुणाला?"

तो हसला. म्हणाला, "बाई, आत्ता आमच्याकडे बँकेत पैसे ठेवण्यापेक्षा गोदामात तुमची क्लच प्लेट ठेवलेली बरी. प्लेट निदान उद्याही प्लेटच राहील."

मी फोन ठेवला आणि मला सगळं कळलं. तो गिऱ्हाईक राहिलाच नव्हता. तो पळत होता. पन्नासला डॉलर मिळतोय तोवर जेवढे मिळतील तेवढे घे आणि त्यांचा माल करून टाक, एवढाच त्याचा हिशेब. आणि तो एकटा नव्हता. तिथला औषधवाला, टायरवाला, यंत्रसामग्रीवाला, सगळे हेच करत असणार. जे परदेशात माल विकून डॉलर कमावतात, ते आपले डॉलर बाहेरच दाबून बसलेले असणार, कारण आज देऊन पन्नास घेण्यापेक्षा थांबलेलं बरं. म्हणजे तिजोरीत येणारे डॉलर आटलेले आणि नेणारे रांगेत उभे. आमच्या खात्यात जमा होणारा तो ॲडव्हान्स, ज्याच्यावर आम्ही क्रीमचा झेंडा काढला, तो त्याच तिजोरीतून निघत होता.

साहेबांना मी दीड पानाची नोट लिहून दिली. साधं लिहिलं होतं: हा खप नाही, ही साठवण आहे. दर तुटेल तेव्हा याच्या गोदामात दोन वर्षांचा माल असेल आणि आपली ऑर्डर शून्य होईल. यावर नवीन लाइन टाकू नका, माणसं घेऊ नका, आहे त्या लाइनवर ओव्हरटाइम द्या.

साहेबांनी नोट वाचली, निदान चाळली. "मॅडम, पैसे अडकले तर ओरडायचं. इथे पैसे आधी येतायत तरी तुम्ही ओरडताय. पुणेकरांसारखं करू नका." मी पुनावळ्याची, पुण्याची नव्हे, पण तेही सोडून दिलं. आठवडाभरात दुसरी लाइन मंजूर झाली. रिव्हेटिंग, तपासणी आणि पॅकिंगला चाळीस बायका घ्यायच्या ठरल्या. साहेबांनी शॉप फ्लोअरवर उभं राहून सांगितलं की वर्षभर चांगलं काम केलं, तर सगळ्यांना परमनंट करू. माईक होता, टाळ्या होत्या. लेखी काही नव्हतं.

माझ्या भावाने आमच्या जुन्या शेताच्या तुकड्यावर बारा खोल्या काढल्यात. त्यातल्या एका खोलीत बीडकडची एक बाई राहायची. नवरा टेम्पो चालवणारा, दोन मुली, थोरली दहावीला. ती ताथवड्याजवळच्या एका कारखान्यात तीन वर्षं टिकून होती. पगार कमी, पण पीएफ कापला जायचा आणि सुपरवायझर माणसासारखा वागायचा. या पट्ट्यात तीन वर्षं एका जागी टिकणं म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. आमच्या कंपनीची बातमी तिच्या कानावर गेली. एका रविवारी ती माझ्याकडे आली, चहा घेतला, कप धुऊन ठेवला आणि मग विचारलं.

"ताई, तुमच्या कंपनीत भरती चाललीय म्हनं. परमनंट करणार हायेत. मी येऊ का तिकडं?"

मी तिला काय सांगितलं असेल? नोट तर मी लिहिली होती. लिहिलेली प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये होती. पण कंपनीची गोष्ट बाहेर कशी सांगायची, साहेबांच्या विरोधात कसं बोलायचं, उद्या माझंच चुकलं आणि दर टिकला तर हिची संधी माझ्यामुळे गेली असं होईल, असं सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं. आणि मी म्हणाले, "ऑर्डर तर भरपूर आहेत गं."

खोटं एक अक्षर नव्हतं. आजही त्या वाक्याची मला चीड येते. तिने पुढच्या सोमवारी जुन्या ठिकाणचा राजीनामा दिला.

मग आठ महिने मी त्या देशाच्या तिजोरीवर डोळा ठेवून होते. त्यांची बँक महिन्यातून एकदा परकीय चलनाचा साठा जाहीर करायची. चार महिने तो आकडा खाली गेला. दर मात्र पन्नास. बँकेने व्याज वाढवलं, म्हणजे लोकांनी डॉलर घ्यायच्या ऐवजी आपलंच चलन ठेवीत ठेवावं. पण ज्याला वाटतंय की चलन एका रात्रीत तिसरा हिस्सा पडणार, तो चार टक्के जास्त व्याजाला भुलतो होय? मार खाल्ला तो तिथल्या छोट्या धंदेवाल्यांनी, ज्यांची कर्जं महागली. मग बँकेच्या गव्हर्नरने टीव्हीवर येऊन सांगितलं की दर बदलण्याचा प्रश्नच नाही. ते ऐकलं आणि मी मनात म्हटलं, आता जवळ आलं. बिचाऱ्याला दुसरं काही बोलताच येत नाही. 'बघू' असं तो नुसता म्हणाला, तरी दुपारपर्यंत रांग दुप्पट होईल.

पाचव्या महिन्यात आकडा एकदम वर गेला. साहेब स्वतः माझ्या टेबलापाशी आले, मोबाइल पुढे धरला. "बघा. साठा वाढला. काय म्हणत होता तुम्ही?"

मी खालची बारीक अक्षरं दाखवली. एका मित्रदेशाने तिथे ठेव ठेवली होती. ती ठेव परत द्यायची होती, शिवाय ती खर्चायला परवानगी होती की नाही तेही लिहिलेलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. जाहीर आकड्यात सोनंही येतं, उसनं आणलेलंही येतं, आणि उद्या सकाळी बँकेच्या खिडकीतून हातावर ठेवता येईल असं त्यात किती, ते वेगळंच असतं. साहेब म्हणाले, "तुम्हाला काहीच चांगलं दिसत नाही." आणि गेले.

ती बाई मला रोज बसमध्ये दिसायची. तपासणीच्या टेबलावर तिचा हात असा बसला होता की तिच्याकडून गेलेली एकही पेटी परत आली नाही. जानेवारीत तिने थोरलीच्या अकरावीच्या क्लाससाठी चौकशी केली आणि मला फी बरोबर वाटते का ते विचारलं. मी म्हणाले, जरा थांब ना. ती म्हणाली, "का वो?" मी म्हणाले, घाई कशाला. तेव्हाही बोलू शकले असते. तोंडात काय गुळणी धरली होती कोण जाणे.

तुटलं ते एका गुरुवारी. बस मोशीच्या सिग्नलला उभी होती. मी दर उघडला आणि पन्नासच्या जागी अठ्ठ्याहत्तर. मध्ये एकावन्न नाही, साठ नाही. बुधवारी संध्याकाळपर्यंत पन्नासला डॉलर विकणाऱ्या बँकेने गुरुवारी सकाळी सांगितलं की आता बाजार ठरवेल तो दर. तिजोरी रिकामी झाली नव्हती, हे लोकांच्या लक्षात येत नाही. गहू, तेल, औषधं आणि परदेशी कर्जाचे हप्ते यांच्यापुरतं राखून ठेवावंच लागतं, म्हणून शेवटचा डॉलर जायच्या कितीतरी आधी बँक हात आखडते. आणि हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून सगळे त्याच्याही आधी धावतात. वर्षभर हळूहळू झिरपणारा साठा शेवटच्या आठवड्यात धो धो वाहतो तो याच कारणाने. धावणाऱ्याचं नुकसान काय? दर टिकला तर थोडंसं व्याज बुडालं, तुटला तर पैसे दीडपट झाले. मग कोण थांबेल?

ऑफिसात पोचले तर साहेब पांढरेफटक. "आपले किती अडकलेत?" मी सांगितलं, एक डॉलरही नाही, सगळं आधीच आलंय. त्यांचा चेहरा असा खुलला! "वाचलो! म्हणजे आपण बरोबरच होतो की." त्यांनी सगळ्यांसाठी समोसे मागवले. या खेपेला मी खाल्ला नाही. एवढाच माझा पराक्रम.

पुढच्या महिन्यात त्या देशातून ऑर्डर आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डीलरला फोन केला, तर त्याने आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि मग म्हणाला की गोदाम छतापर्यंत भरलंय, जुन्या भावाचा माल नव्या भावाने जातोय, देवाची कृपा आहे. त्याचा मला रागही धड येईना. त्याने आपलं घर वाचवलं. गव्हर्नर बदलला. आमच्या कंपनीचं त्या वर्षीचं निर्यातीचं पारितोषिक घ्यायला साहेब कोट घालून गेले, विक्रमी विक्री झाली होती ना! आणि दुसरी लाइन बंद झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. चाळीस बायकांना शुक्रवारी दुपारी ट्रेनिंग हॉलमध्ये बोलावून सांगितलं की सोमवारपासून येऊ नका. नोकरीला अजून वर्ष व्हायला अडीच महिने बाकी होते.

त्या संध्याकाळी ती माझ्या दारात उभी. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"आमचं काय चुकलं, ताई? माल परत आला का?"

"नाही गं. तुमचा माल सगळ्यात चांगला होता."

"मग?"

मी तिला सांगितलं. कसं सांगावं कळेना, तर तिच्याच खोल्यांवरच्या टाकीचं सांगितलं. भाऊ म्हणतो चोवीस तास पाणी आहे. टाकीत थोडं थोडं कमी होतंय, नळाला मात्र तीच धार. मग कुणाला तरी कुणकुण लागते की मोटर बिघडलीय.

"मग काय, समद्या बाया बादल्या घिऊन पळत्यात," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत पुरनारं पानी धा वाजता संपतं. अन् ज्याच्याकडं पिंप हाय त्यो पिंप भरून ठिवतो."

इतकं नेमकं मला साहेबांना दीड पानात सांगता आलं नव्हतं. मी म्हणाले, "आपल्या ऑर्डरी म्हणजे तिकडच्या डीलरचं पिंप होतं. भरलं, आता त्याला पाणी नको."

माझा आता संयम सुटला होता. सोमवारी मी तिला घेऊन गेटवर गेले, माझ्या नावावर व्हिजिटर पास काढला आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये नेलं. म्हटलं, हिला तुम्ही सांगा. तुम्ही माईकवर सांगितलं होतं, आता माईकशिवाय सांगा.

साहेब गडबडले, मग सावरले. तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. "ताई, परदेशातली परिस्थिती अचानक बदलली. कुणाच्याच लक्षात आलं नाही. अशा गोष्टी आधी कळत नाहीत हो."

मी उसळले. म्हणाले, आधी कळत नाहीत? माझी नोट काढा, तारीख बघा. आठ महिने आधी लिहून दिलंय मी, तुमची सही आहे पोच म्हणून. मी ड्रॉवरमधली प्रत बरोबरच आणली होती, ती टेबलावर आपटली. साहेबांनी प्रत उलटी करून ठेवली आणि म्हणाले की हा कंपनीचा अंतर्गत विषय आहे. मी आणखीही बरंच बोलले. काचेपलीकडे लोक थांबले होते. मला वाटत होतं की मी तिच्या बाजूने लढतेय, आणि खरं सांगते, ते मला आवडत होतं.

ती उठली. साहेबांना नमस्कार केला आणि बाहेर पडली. मी मागोमाग गेले. जिन्याच्या पायथ्याशी तिने मला थांबवलं. आवाज चढलेला नव्हता.

"त्या कागदावर तारीख कोनची हाय?"

मी सांगितली.

तिने बोटांवर मोजलं. चहाचा तो रविवार तारखेच्या बारा दिवसांनंतरचा होता. मीही मोजलं होतं, फार पूर्वीच.

"मॅडम," ती म्हणाली. पुनावळ्यात ती मला कधी मॅडम म्हणाली नव्हती. "सायबाला तर कळलंच न्हवतं. तुमाला कळलं हुतं."